भयपटांची धास्ती वाटते, तरी 'तुंबाड'पर्यंत पोचायचंय. सुरुवात कुठून करू?

उसाकडेची_पोर
नमस्कार मंडळी. गाव कागल तालुक्यात, कॉलेज कोल्हापुरात, एसटीनं येऊन-जाऊन करते. भयपट मी आजवर टाळत आले. राजारामपुरीत मैत्रिणींच्या खोलीवर शनिवारी पिक्चर लावायचा बेत असतो आणि त्यांना कापाकापीचेच आवडतात. मागच्या खेपेला पडद्यावर एकाच्या हातावर करवत फिरायला लागली तशी मी उठून गॅलरीत गेले, ते पिक्चर संपेपर्यंत आत आलेच नाही. दिसलं फार थोडं, पण भिंतीपलीकडून येणारा तो आवाज पुढे कितीतरी रात्री कानात होता.

तरी मला हे सिनेमे बघायचे आहेत, हे मनापासून सांगते. 'तुंबाड'बद्दल इतकं ऐकलंय. आपल्याकडचा पाऊस, आपल्याकडचा वाडा, मराठी घर. तो नीट डोळे उघडे ठेवून बघता यावा एवढीच इच्छा आहे. आधी रक्तमांस नसलेले, वातावरणानं आणि डोक्यात शिरून घाबरवणारे सिनेमे बघत गेलं तर सवय होते का? कुठला आधी, कुठला नंतर? आणि एक अडचण : आमच्या घराच्या तीन बाजूंना ऊस आहे. रात्री कुत्रं भुंकलं तरी जीव वर येतो.

पिच्चरवेडा_संभा
सोपं आहे की. रामगोपाल वर्माचा 'भूत' लाव, २००३ चा. एक गाणं नाही, करवत-बिरवत नाही, मुंबईतला साधा फ्लॅट. उर्मिलानं काय काम केलंय! रक्त नाही म्हणजे तुला चालणारच. त्याच्यानंतर डायरेक्ट तुंबाड. उगं पायऱ्या करत बसू नकोस.

गंगावेशीतला_गडी
माझं मत ऐक ताई. आम्हाला पोहायला शिकवलं ते थेट विहिरीत ढकलून. चार घोट पाणी पोटात गेलं आणि हात-पाय आपोआप हलायला लागले. तसंच कर. सगळ्यात भयानक असेल तो पिक्चर लाव, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. त्याच्यापुढं बाकीचे सगळे किरकोळ वाटतील. माझं तसंच झालं.

आवाजवाला
मी इथं कोल्हापुरात लघुपट आणि मालिकांसाठी ध्वनिसंकलन करतो, त्यामुळे घाबरवण्याची कामं पोटासाठीही केली आहेत आणि आवडीनंही. जरा सविस्तर लिहितो.

भयपट आपल्याला तीन वेगवेगळ्या मार्गांनी त्रास देतो आणि एकाची सवय झाली म्हणून दुसऱ्याची होत नाही. पहिला मार्ग दचकवण्याचा. शांतता, शांतता, मग एकदम मोठा आवाज. खांदे वर जातात, डोळे मिटतात. हे शरीर परस्पर करतं, त्यात धीटपणाचा संबंध नाही. मी स्वतः जोडलेल्या आवाजाला मीच दचकतो. दुसरा मार्ग धास्तीचा. काहीतरी होणार हे कळतं, कधी ते कळत नाही आणि घर ओळखीचं असूनही परकं वाटायला लागतं. तिसरा किळसेचा : फाटलेली कातडी, उघडं मांस, हाडाचा आवाज.

तू गॅलरीत गेलीस ती किळसेमुळे. दचकण्याचं आणि धास्तीचं तुझं काय होतं ते आपल्याला अजून माहीतच नाही, कारण तू ते सिनेमे बघितलेलेच नाहीस. म्हणून वातावरणापासून सुरू करायचा तुझा विचार बरोबर आहे. फक्त धास्तीचे दहा सिनेमे पचवले की करवत आपोआप पचेल असं धरून चालू नकोस. किळस वेगळी हाताळावी लागते.

आता संभा. 'भूत'मध्ये कापाकापी फारशी नाही हे खरं, पण तो सगळा आवाजावर उभा आहे. लिफ्ट, जिना, रिकामी खोली, आणि मग कानठळ्या. नव्या माणसाला तो पहिलाच दिला तर तो पुढचा प्रत्येक शांत प्रसंग कानात बोटं घालून बघतो. तो घे, पण चार सिनेमे झाल्यावर.

घाटाखालचा_पाहुणा
अनुभव विचारलाय म्हणून सांगतो. माझे चुलते आंबोलीहून रात्री जीप घेऊन येत होते. धुकं एवढं की बॉनेट दिसेना. वळणावर एक बाई लहान मूल घेऊन उभी. चुलत्यांनी गाडी हळू केली, तर शेजारी बसलेला ड्रायव्हर म्हणाला, थांबायचं नाही, हिला दर अमावास्येला बघतो मी. पुढच्या वळणावर पुन्हा तीच बाई. चुलते आजही रात्रीचा घाट उतरत नाहीत. तर हे सगळं खरं असतं, पिक्चरमधलं काय घेऊन बसलात.

उसाकडेची_पोर
दादा, अनुभव नव्हते विचारले, सिनेमे विचारले होते 🙏 हे वाचून आता अंगणात जायची पंचाईत झाली.

आवाजवाला दादा, गॅलरीत मला दिसत काहीच नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. त्याचाच जास्त त्रास झाला. असं का?

आवाजवाला
कारण दिसणाऱ्या गोष्टीला कड असते. आवाजाला चित्र मिळालं नाही की ते तू आतून काढतेस, आणि ते पडद्यावरच्यापेक्षा नेहमी वाईट निघतं. घाबरल्यावर लोक डोळे झाकतात आणि कान उघडे ठेवतात. उलटं कर. प्रसंग झेपेना तर आवाज बंद कर आणि बघत राहा. लगेच नट दिसायला लागतात, दिवे कुठे लावलेत ते दिसतं, लाल रंग लाल रंगासारखा दिसतो. पुढच्या खेपेला तोच प्रसंग थोड्या आवाजात बघ.

दुसरी गोष्ट टीव्हीच्या सेटिंगची. बहुतेक टीव्हीत किंवा साउंडबारमध्ये नाइट मोड असतो. तो लावला की कुजबुज थोडी वर येते आणि दणका खाली येतो, दोन्हींतलं अंतर कमी होतं. दचकवण्याची सगळी ताकद त्या अंतरातच असते. असा मोड नसेल तर लोक काय करतात, संवाद ऐकू येईनात म्हणून आवाज वाढवतात आणि तेवढ्यात दणका बसतो. त्यापेक्षा सबटायटल लाव आणि आवाज कमीच ठेव. हेडफोन सध्या अजिबात नको. त्यात आवाज डोक्याच्या आत वाजतो, खोलीत वाजत नाही.

पहिला सिनेमा सांगतो : 'द अदर्स', २००१, दिग्दर्शक आलेहांद्रो अमेनाबार, नायिका निकोल किडमन. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलंय. जर्सी बेटावर एक मोठं घर, आई आणि दोन मुलं. मुलांना उजेड सोसत नाही म्हणून सगळे पडदे ओढलेले आणि एक दार कुलूपबंद केल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही असा नियम. रक्त जवळजवळ नाहीच. संगीतही अमेनाबारनं स्वतःच केलंय, त्यामुळे कुठे गप्प बसायचं हे त्याला नेमकं ठाऊक आहे. शांतता कशी रचतात ते शिकायला मी आजही तो लावतो.

तुझ्यासाठी दोन सूचना. सिनेमा सुरू होतो तोच ती किंचाळत जागी होते तिथून, तेव्हा पहिल्या मिनिटाला आवाज कमी ठेव. आणि साधारण मध्यावर मुलगी पांढरा पोशाख घालून जमिनीवर बसून खेळत असते, तो प्रसंग सगळ्यात कडक आहे. तिच्या हाताकडे लक्ष गेलं की कळेलच. तो एवढा गेला की बाकीचा झेपतो. दुपारी बघ, पडदे उघडे ठेवून.

मंगळवारपेठ_काकू
माझाही एक प्रश्न घ्या यातच. माझा मुलगा सहावीत आहे. 'रात्रीस खेळ चाले' लागायची तेव्हा तो अगदी लहान होता, पण नुसतं शीर्षकगीत लागलं तरी माझ्या पदराआड जायचा. आता मित्रांच्या नादानं भुताचे पिक्चर मागतोय. त्याला हाच क्रम चालेल का?

आवाजवाला
काकू, हा क्रम मोठ्या माणसासाठी आहे. 'द अदर्स'मध्ये रक्त नसलं तरी आई आणि मुलं यांच्यातलं जे आहे ते मुलाला जड जाईल, शेवट तर फारच. त्याला 'झपाटलेला' दाखवा. तात्या विंचूला घाबरून आणि लगेच हसून माझी पिढी या वाटेला लागली. ओटीटीवर सिनेमा सुरू होताना कोपऱ्यात ७+, १३+, १६+ असं वय आणि शेजारी हिंसा, भीती असं कारण येतं, तेही बघत जा.

पिच्चरवेडा_संभा
'द अदर्स'चा शेवट आधी वाचून घे म्हणावं तिला. विकिपीडियावर सगळी गोष्ट आहे. शेवट माहीत असला की भीती निम्मी. मी माझ्या बायकोला तसंच दाखवतो.

रंकाळ्याची_सांज
नाही नाही, 'द अदर्स'चं तसं करू नका! तो सिनेमा एकदाच पहिल्यांदा बघता येतो. शेवट माहीत असेल तर ती सगळी कुलपं, ते पडदे, नोकरमाणसांची ती नजर यातलं काहीच लागत नाही. भीती कमी करायची म्हणून गोष्टच काढून घ्यायची का?

पिच्चरवेडा_संभा
गोष्ट बघायला ती मागनं परत बघेल की. आधी बसता तर आलं पाहिजे.

आवाजवाला
दोघांचंही मला थोडं थोडं पटतं, यावर माझंच मत अजून पक्कं नाही. गोष्ट न वाचता फक्त दचकायच्या जागा बघून घ्यायच्या असतील तर wheresthejump.com वर इंग्रजी भयपटांच्या मिनिटा-सेकंदासकट जागा लिहिलेल्या असतात. मात्र तिथं मधेच काय घडतं तेही एका ओळीत असतं, तेव्हा नुसती वेळ बघायची आणि पुढचं वाचायचं नाही. आपल्याकडचे सिनेमे तिथं फारसे सापडत नाहीत.

उसाकडेची_पोर
बघितला! रविवारी दुपारी, आई शेजारी गहू निवडत बसली होती. शेवट वाचला नव्हता. मिनिटं एका कागदावर लिहून घेतली होती आणि घड्याळ जवळ आलं की आवाज बंद करत होते.

तो पांढऱ्या पोशाखाचा प्रसंग बिनआवाजाचा बघितला. हात दिसला. पोटात गोळा आला, पण बसून राहिले. मग मागे नेऊन हळू आवाजात पुन्हा बघितला. तेव्हा लक्षात आलं की भीती हातापेक्षा जास्त त्या मुलीच्या गुणगुणण्याची वाटतेय. शेवटाला मी रडले. भयपट बघून रडू येतं हे मला माहीतच नव्हतं.

रात्री झोप लागली. फक्त माजघराचं दार उघडं राहिलेलं बघवेना, उठून लावून आले. हे चालतं का?

सिस्टर_शाहूपुरी
मी मानसोपचार विभागात परिचारिका म्हणून बरीच वर्षं काम केलंय, म्हणून दाराबद्दल सांगते. उठून एकदा दार लावलंस, झोपलीस, काही बिघडलं नाही. पण तेच दार रात्रीतून पाच वेळा तपासायला लागलीस, दिवा लावल्याशिवाय झोप येईना, किंवा दोन-तीन रात्रीनंतरही तोच प्रसंग दिवसा कामात आडवा यायला लागला, तर पायरी उंच झाली असं समज. मग पुढचा सिनेमा घ्यायचा नाही. आहे तोच किंवा त्याहून सौम्य घ्यायचा.

गंगावेशीतल्या दादांच्या विहिरीबद्दलही बोलते. दादा, ढकलतात तेव्हा पोराच्या पाठीला डबा बांधलेला असतो आणि खाली कुणीतरी पोहणारा उभा असतो. भीतीचंही तसंच. ती चढते, शिगेला जाते आणि माणूस तिथंच बसून राहिला तर आपली आपण उतरते. उतरेपर्यंत बसायला मिळालं तरच मोठ्या भीतीला एकदम सामोरं जाण्याचा उपयोग होतो. ही मुलगी गॅलरीत गेली ती नेमकी शिगेला असताना. त्यातून मन एवढंच शिकतं की बाहेर पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी पाय अजून लवकर बाहेर निघतो.

म्हणून एक पथ्य पाळ. झेपेना तर सिनेमा थांबव, पण खोलीतून उठू नकोस. थांबवलेलं चित्र पडद्यावर असू दे. पाणी पी, श्वास खाली येऊ दे, मग थोडं मागे नेऊन पुन्हा सुरू कर. तो प्रसंग संपल्यावर बंद करायचा तर खुशाल कर. अर्ध्या प्रसंगात बंद केलेला सिनेमा रात्री पूर्ण होतो.

गंगावेशीतला_गडी
डब्याचं खरं हाय सिस्टर. आणि खाली आजोबा उभे असायचे. हे ध्यानातच आलं नव्हतं.

लॅबमधला_सागर
माझी केस थोडी वेगळी आहे. मला भुताची कणभर भीती नाही, रात्री स्मशानावरून चालत येतो. पण पडद्यावर रक्त दिसलं की कान बंद होतात, घाम फुटतो, डोळ्यापुढं अंधारी. थिएटरात एकदा खुर्चीतच घसरलो. सगळे म्हणतात दीर्घ श्वास घे, अंग सैल सोड. ते केलं की अजून लवकर चक्कर येते. मीपण 'द अदर्स'पासून सुरू करू का?

सिस्टर_शाहूपुरी
सागर, 'द अदर्स'नं तुमचं काहीच होणार नाही, तुमचा प्रश्न तो नाही. बाकी भीतींमध्ये छाती धडधडते आणि रक्तदाब वर जातो. रक्त बघून चक्कर येणाऱ्यांचा तो आधी थोडा वर जाऊन मग एकदम खाली येतो, म्हणून अंधारी येते. त्यात अंग सैल सोडलं की तो आणखी उतरतो.

तुम्ही उलट अंग ताठ करायचं. बसल्या जागी हात, मांड्या, पोट यांचे स्नायू १० ते १५ सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा गरम वाटेपर्यंत. मग अर्धा मिनिट नेहमीच्या स्थितीत यायचं, एकदम लुळं पडायचं नाही. असं पाचेक वेळा. आधी आठवडाभर नुसताच सराव करा, मग रक्ताचं एखादं साधं छायाचित्र समोर ठेवून. खुर्ची हातांची घ्या. रक्ताचा संबंध नसतानाही चक्कर येत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा, सिनेमा राहू दे.

रंकाळ्याची_सांज
पुढचा माझ्याकडून : 'द हाँटिंग', पण १९६३ चा रॉबर्ट वाइजचा, नंतरचा रंगीत नव्हे. कृष्णधवल आहे. दोन बायका एका खोलीत, बाहेरून दारावर काहीतरी आदळतंय. आणि पुढे एका प्रसंगात सगळे एकत्र बसलेले असताना लाकडी दार आत फुगतं. बस. भूत शेवटपर्यंत दिसत नाही. मी तो पाऊस पडत असताना बघितला आणि नंतर कितीतरी दिवस आमच्या फुगलेल्या न्हाणीघराच्या दाराकडं बघवत नव्हतं.

आवाजवाला
उत्तम निवड. 'द अदर्स'मध्ये घर शांत होतं, इथं घर आवाज करतं, म्हणजे पायरी बरोबर एकच चढते. त्याच्यानंतर मल्याळम 'भूतकालम', २०२२. आई आणि तरुण मुलगा, घरात आजीचं निधन झालेलं, दोघांचंही मन ठिकाणावर नाही. भूत आहे की आजारपण आहे हे शेवटच्या टप्प्यापर्यंत उलगडत नाही. परदेशी वाड्यापेक्षा हे घर जास्त लागतं, कारण तसलीच लोखंडी कॉट आणि तसलंच स्वयंपाकघर आपल्याकडंही असतं. मन खचलेलं असेल त्या आठवड्यात मात्र बघू नये.

आणि मग आपला मराठी 'लपाछपी', २०१७, विशाल फुरियाचा. इथं माझी एक अट आहे. सिनेमा उसातल्या घरात घडतो. गर्भवती बाई, चहूबाजूंनी ऊस, वाट सापडत नाही, पोरांचे आवाज. तुझ्या घरी तो अजिबात लावू नकोस. कोल्हापुरात मैत्रिणींच्या खोलीवर, दिवसा.

उसाकडेची_पोर
'द हाँटिंग' झाला. दाराच्या प्रसंगाला थांबवून बसले, उठले नाही, पुन्हा सुरू केला. सिस्टर, भीती खरंच उतरते. उतरताना कळतं. 'भूतकालम'ला आवाज पहिल्यापासून चालू ठेवला, फक्त नाइट मोडवर. शेवट जड गेला, पण दुसऱ्या दिवशी कॉलेजात काही जाणवलं नाही.

'लपाछपी'चं वाचून पोटात कालवाकालव झाली. आमच्या शेताला रात्रीची वीज असते तेव्हा बाबा मोटर चालू करायला उसातनंच जातात आणि बॅटरी धरायला कधीकधी मी जाते. पाचटावर पाय पडला की जो आवाज होतो तो मला चांगला माहीत आहे. सिनेमात तोच आवाज असेल ना?

आवाजवाला
असणार. वाळलेलं पाचट माइकला फार चांगलं बोलतं. थोडं चाललं तरी कुणीतरी मागून येतंय असं ऐकू येतं.

पिच्चरवेडा_संभा
तोड आली का तुमच्या उसाला? नसेल तर तोड होईपर्यंत थांब की. कारखान्याची टोळी आली, फड मोकळा झाला, घरातनं थेट रस्ता दिसायला लागला की मग बघ. तवर 'कौन' बघून घे, रामूचाच, १९९९ चा. एक बाई, एक घर, बाहेर पाऊस, दारात अनोळखी माणूस. शेवटाला थोडं चाकू-रक्त आहे, तेवढं सांगून ठेवतो.

सिस्टर_शाहूपुरी
संभाजीरावांचं हे अगदी पटलं. रोज जिथं काम करायचं तीच जागा भीतीची करून घेऊ नये. कुणाच्या घरी गर्भवती बाई असेल किंवा नुकतं मूल गेलं असेल, तर त्यांनी 'लपाछपी' टाळावा. त्यातला विषय मुली नको असण्याचा आहे आणि तो भुतापेक्षा जास्त बोचतो.

उसाकडेची_पोर
दोन बाजूंची तोड झाली आहे, ओढ्याकडचा फड उभा आहे. 'कौन' मैत्रिणींसोबत बघितला. शेवटाच्या रक्ताला आवाज बंद केला, त्या हसल्या, मी बघत राहिले. 'लपाछपी' नंतर बघेन. 'तुंबाड'चं मात्र आता सांगा.

रंकाळ्याची_सांज
'तुंबाड' आधी वाचूनही काढता येईल. श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरच आहे ना तो?

आवाजवाला
नाही, पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून फक्त नाव आलंय. गोष्टीचं बीज नारायण धारपांच्या कथेतलं. दिग्दर्शक राही बर्वेला ती एका मित्रानं जंगलात रात्री सांगितली होती, असं त्यानंच सांगितलंय.

आता तुझ्यासाठी. सिनेमाचे तीन भाग आहेत, १९१८, १९३३ आणि १९४७. तिन्ही एका बैठकीत बघायलाच पाहिजेत असं नाही. पहिल्या भागात पाऊस, पडका वाडा, दोन पोरं, आई आणि साखळदंडातली म्हातारी. भीती जवळजवळ सगळी तिची. पोरगा ताट घेऊन तिच्यापाशी जातो तो प्रसंग धास्तीचा आणि दचकण्याचा आहे, म्हणजे आतापर्यंत तू ज्याची सवय केलीस तोच. एका लहान मुलाला जबर लागतं तेही याच भागात आहे, ते माहीत असू दे.

दुसऱ्या भागापासून किळस सुरू होते. म्हातारी पुन्हा येते तेव्हा तिच्या शरीराचं काय झालंय ते बघवत नाही. एका माणसाला फार वाईट मरण येतं. आणि विहिरीतून उतरल्यावर जी जागा लागते ती सगळी लाल, ओली, मांसाची. त्या जागेला आवाजही तसाच दिलाय, चिकट. या तीन ठिकाणी पहिल्या खेपेला आवाज बंद. आणि मधे जेवायला बसू नकोस, कणकेचा गोळा बघितल्यावर पोळी जात नाही.

उसाकडेची_पोर
पहिला भाग शनिवारी दुपारी झाला. म्हातारीला आवाजासकट बघितलं. अंगावर काटा आला, पण तो काटा हवाहवासा होता, कसं सांगू. पोराच्या हातातलं ताट थरथरतं तेव्हा माझाही हात थरथरत होता आणि मला तिथून हलावंसं वाटत नव्हतं. पावसाचा आवाज तर कानातून जातच नाही.

बाकीचे दोन भाग दुसऱ्या दिवशी बघितले. म्हातारीच्या अंगातून उगवलेल्या झाडाचं झेपलं, कारण ते बघून किळसेपेक्षा वाईटच जास्त वाटलं. ती लाल जागा मात्र बिनआवाजाची सुद्धा पहिल्यांदा नाही झेपली. पोट ढवळलं. थांबवून बसले, भीती जशी उतरते तसं हे उतरेल म्हणून वाट बघितली, पण फारसं उतरलं नाही. मग तेवढं पुढं ढकलून शेवट बघितला. सिस्टर, हे भीतीसारखं का उतरत नाही?

सिस्टर_शाहूपुरी
किळस भीतीपेक्षा सावकाश उतरते. समोर बसून राहिलं तरी तिला वेळ लागतो, काहींची तर फार थोडी कमी होते. घाई करू नकोस. तोच प्रसंग काही दिवसांनी उजेडात, बिनआवाजाचा, थोडा थोडा बघून ठेव.

गंगावेशीतला_गडी
पण मी म्हणतो, ते लाल बघायलाच पाहिजे असं कुठं हाय? म्हातारी बघितली, वाडा बघितला, पाऊस बघितला. पिक्चर झाला की तिचा.

आवाजवाला
मला वाटतं बघावं. लोभ माणसाला कुठल्या जागी उतरवतो ते त्या जागेतच आहे, तेवढं गाळलं तर सिनेमाचा तळ गाळल्यासारखं होतं. तिला जमेल तेव्हा.

रंकाळ्याची_सांज
मी गंगावेशीच्या बाजूनं. मी स्वतः तो भाग अजून बोटांच्या फटीतून बघते आणि 'तुंबाड' माझा सगळ्यात आवडता सिनेमा आहे.

लॅबमधला_सागर
सिस्टर, आठवडाभर सराव केला. काल छायाचित्र समोर ठेवून केलं, कान बंद झाले नाहीत. ताठ करायचं ते अंधारी यायला लागल्यावर की आधीच?

सिस्टर_शाहूपुरी
आधीच. घाम किंवा कानात दडा, जे पहिलं लक्षण तुमच्याकडं येतं त्यालाच सुरुवात करा. अंधारीची वाट बघू नका.